सायबर सिक्युरिटी ॲनालिस्टची मुलाखत: "तुम्ही तपासलेला एक अलर्ट सांगा"



आपल्या बॅचमधला एक जण नाशिकला आयटी मेंटेनन्सचं काम करतो. छोटे कारखाने, दोन हॉस्पिटलं, एक शाळा असे त्याचे डझनभर ग्राहक आहेत. आता ते ग्राहक विचारायला लागलेत, "आमच्या मेलवर, सर्व्हरवर लक्ष पण ठेवाल का?" म्हणून त्याने पहिला सायबर सिक्युरिटी ॲनालिस्ट घ्यायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "सर, मुलाखतीला तुम्ही पण बसा." मी धंद्यात येण्याआधी बरीच वर्षं नेटवर्क सपोर्ट केलाय, म्हणून बसलो. त्या दिवशी जे बघितलं ते या लेखात लिहितोय. तुम्ही माणूस घेणार असाल तरी कामाचं आहे आणि स्वतः अशा मुलाखतीला जाणार असाल तरी.

मुलाखतीत तीनच गोष्टी विचारायच्या असं आम्ही ठरवलं होतं: नेटवर्कची बेसिक माहिती, "असं झालं तर काय कराल" असा एक प्रसंग, आणि स्वतः तपासलेला एक अलर्ट. तिन्हीत आम्ही एकच गोष्ट ऐकत होतो. हा माणूस "मला असं वाटतं" म्हणतोय, की "मी हे बघितलं, म्हणून मला हे कळलं" म्हणतोय?

नेटवर्क: पत्ता कुणाचा?

पहिला प्रश्न अगदी साधा ठेवला. "फायरवॉलच्या लॉगमध्ये 192.168.1.45 हा आयपी संशयास्पद दिसतोय. तो कुठल्या देशातला?"

दोन उमेदवार म्हणाले, "सर, लुकअप साइटवर टाकून बघावं लागेल." इथेच गाडी अडकली. 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. 10 ने सुरू होणारे आणि 172.16 ते 172.31 मधलेही तसेच. ते घराच्या किंवा ऑफिसच्या आतले पत्ते. जगात लाखो राउटरच्या मागे 192.168.1.45 असेल. म्हणजे हा प्रश्न देशाचा नाहीच, आपल्याच ऑफिसातलं ते कुठलं मशीन, हा आहे. त्याचं उत्तर राउटरच्या डीएचसीपी यादीत मिळतं. राउटरने कुठला पत्ता कुठल्या मशीनला दिला, ते तिथे लिहिलेलं असतं. पत्ते बदलत असतात, म्हणून ती यादी त्याच वेळेची बघायची. आजची यादी काल रात्रीच्या अलर्टला चालत नाही.

मग दुसरा प्रश्न: "नाशिकमधला कर्मचारी मोबाईल डेटावरून मेल उघडतो आणि लॉगमध्ये तो मुंबईत दिसतो. अकाउंट हॅक झालंय का?"

याचं उत्तर देताना चांगला उमेदवार थोडा थांबतो. मोबाईल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीच्या मागे बसवते. त्या आयपीचं "ठिकाण" जे दिसतं, ते कुणीतरी बनवलेल्या डेटाबेसमधलं असतं, तुमच्या टॉवरचं नाही. त्यामुळे नाशिकचा माणूस मुंबईत दिसणं रोजचंच. फक्त शहर बघून घाबरायचं नाही आणि फक्त शहर बघून निवांतही व्हायचं नाही. बघायचं ते हे, की हा आयपी कुणाच्या मालकीचा आहे? मोबाईल कंपनीचा असेल तर एक गोष्ट. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीचा असेल तर वेगळी. तुमच्या अकाउंट्समधल्या मॅडम कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये बसून मेल उघडत नाहीत. अर्थात व्हीपीएन वापरत असतील तर तसं दिसू शकतं. ही व्हीपीएनची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोटाळा केलाय.

प्रसंग: स्क्रीनवर खंडणीची सूचना

दुसऱ्या भागात आम्ही रॅन्समवेअरचा प्रसंग दिला. "ग्राहकाचा फोन आला. एका कॉम्प्युटरवर फायली उघडत नाहीत, सगळ्यांची नावं बदललीत आणि पैसे मागणारी सूचना आलीय. तुम्ही फोनवरच आहात. पहिलं वाक्य काय बोलाल?"

इथे बरेच जण पाठ केलेले टप्पे म्हणायला लागतात: तयारी, शोध, अटकाव, निर्मूलन, रिकव्हरी. टप्पे चुकीचे नाहीत, पण फोनवरच्या घाबरलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग? आम्हाला हवं होतं ते असं: "त्या मशीनची नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका."

केबल काढायची, कारण तोच प्रोग्राम नेटवर्कवरून सर्व्हरच्या शेअर फोल्डरपर्यंत आणि बॅकअपच्या डब्यापर्यंत पोचतो. मशीन बंद करायचं नाही, कारण मेमरीत असलेले पुरावे वीज गेली की जातात. काही वेळा फायली लॉक करायची किल्लीसुद्धा तिथेच असते. याला एक अपवाद आहे. नेटवर्क तोडताच येत नसेल आणि डोळ्यांसमोर फायली लॉक होत चालल्या असतील, तर मात्र बंद करा. पुरावा गेला तरी चालेल, डेटा वाचवा. हा अपवाद एका मुलीने न विचारता सांगितला. मी वहीत तिच्या नावापुढे खूण केली.

दुसरं वाक्य बॅकअपचं. बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर ती पण आत्ताच काढायची. आणि मग फोनवर विचारायचं, "अजून कुठल्या मशीनवर असं दिसतंय?"

मुख्य प्रश्न

आता तिसरा भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. "तुम्ही तपासलेला एक अलर्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा."

एका उमेदवाराने सुरुवातच जुन्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव घेऊन केली. कुणाचे पैसे गेले, कुणाच्या चुकीने गेले, सगळं नावानिशी. गोष्ट छान होती, पण माझा मित्र माझ्याकडे बघत राहिला. उद्या हाच मुलगा दुसऱ्या मुलाखतीत याच्या ग्राहकांची नावं घेणार! तेव्हा मंडळी, "एक कारखाना", "अकाउंट्समधल्या एक मॅडम", एवढंच बोला. नाव, डोमेन, खरा आयपी काही सांगायचं नाही.

खूण केलेली ती मुलगी पुण्यात एका टीममध्ये शिफ्टला अलर्ट बघायची. एक वर्षाचा अनुभव. तिने सांगितलेली गोष्ट मी तिच्या परवानगीने देतोय. ओळख पटेल असं सगळं काढलंय, वेळा आणि आकडेही बदललेत. त्यांच्यातली अंतरं तेवढी तशीच ठेवलीत.

ग्राहक म्हणजे मशीनचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. दुपारी १२:०५ ला अलर्ट आला: "अशक्य प्रवास". अकाउंट्समधल्या मॅडमचं लॉगिन सकाळी ११:३० ला ऑफिसच्या आयपीवरून आणि ११:४८ ला नेदरलँड्समधून. अठरा मिनिटांत माणूस तिथे जात नाही, म्हणून सिस्टीमने घंटा वाजवली.

"असे अलर्ट आमच्याकडे रोज येतात," ती म्हणाली. "दहातले नऊ व्हीपीएनचे असतात. मला पण तेच वाटलं."

तरी तिने पुढचं बघितलं. त्या मेलबॉक्समध्ये काही बदल झालाय का? ऑडिट लॉगमध्ये एक नोंद सापडली. एक नवीन इनबॉक्स रूल बनला होता, वेळ ६:२१. तिने विचार केला, लॉगिन ११:४८ चं, रूल सकाळी ६:२१ चा. रूल आधीचा आहे, म्हणजे मॅडमनीच बनवला असणार. तिकिटावर लिहिलं, "खोटा अलर्ट, व्हीपीएन." १२:२५ ला बंद.

इथे ती थांबली आणि म्हणाली, "सर, ही माझी चूक होती. आता कशी कळली ते सांगते."

मी खुर्चीत सरळ बसलो. मुलाखतीत स्वतःची चूक कुणी स्वतःहून सांगत नाही.

दुपारी पावणेतीनला तिची शिफ्ट संपत आली होती. पुढच्या माणसासाठी नोंदी लिहिताना तो रूल परत डोळ्यांसमोर आला. रूलचं नाव फक्त एक टिंब होतं. अट अशी, की मेलमध्ये "invoice", "payment" किंवा "bank" असा शब्द असेल तर तो मेल वाचलेला दाखवायचा आणि RSS Feeds नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. ते फोल्डर कोण उघडतं? कुणीच नाही. आणि अकाउंट्समधली बाई सकाळी सव्वासहाला उठून स्वतःचेच पैशांचे मेल लपवणारा रूल कशाला बनवेल?

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लॉगिनची यादी तिने पोर्टलवर बघितली होती, तिथे वेळ भारतीय होती. ऑडिट लॉगमधली वेळ यूटीसी होती. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. ६:२१ म्हणजे आपले ११:५१. परदेशी लॉगिननंतर तीनच मिनिटांनी रूल बनला होता.

तिने अलर्ट पुन्हा उघडला आणि मॅडमना फोन केला. फोन, मेल नाही! मेलबॉक्समध्ये चोर बसला असेल तर तुमचा मेल आधी तोच वाचेल. प्रश्नही नीट विचारला. "तुमचं अकाउंट हॅक झालंय का?" असं विचारलं तर समोरचा घाबरून "नाही" म्हणतो. तिने विचारलं, "मॅडम, आज साडेअकरा-बाराच्या सुमारास कुठल्या लिंकवर पासवर्ड टाकला होता का?"

मॅडम म्हणाल्या, "हो, आपल्या नेहमीच्या सप्लायरचा मेल होता. फाइल बघायला साइन इन करा म्हणे. केलं, ओटीपी पण टाकला, मग पान कोरंच राहिलं." व्हीपीएन? त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता.

इथे माझ्या मित्राने विचारलं, "पण ओटीपी लावलेला असताना चोर आत कसा गेला?" धंदेवाल्या माणसाचा अगदी बरोबर प्रश्न. तिचं उत्तर मला आवडलं. ते खोटं पान मधल्या दलालासारखं काम करतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या मायक्रोसॉफ्टला देतं, ओटीपी पण तसाच पुढे करतं. मायक्रोसॉफ्टला सगळं बरोबर दिसतं आणि ते "हा माणूस आत आलाय" असा एक टोकन देतं. तो टोकन दलालाच्या हातात पडतो. लग्नाच्या हॉलमध्ये मनगटावर बांधलेल्या पट्टीसारखं समजा. एकदा पट्टी बांधली की दारावर परत कुणी विचारत नाही. म्हणून लॉगमध्ये दुसरी पायरीसुद्धा "यशस्वी" दिसत होती. तेवढ्यावर विसंबून बरेच जण असा अलर्ट बंद करतात.

मग काय केलं, आणि कुठल्या क्रमाने

नवशिक्या माणूस इथे फक्त पासवर्ड बदलतो. पासवर्ड बदलला म्हणजे चोर बाहेर पडलाच, असं धरून चालायचं नाही. त्याच्या मनगटावर पट्टी आहे. तिने ग्राहकाच्या आयटीवाल्याला फोनवर घेतलं आणि क्रम असा ठेवला: आधी लॉगिन ब्लॉक, मग पासवर्ड बदल, मग सगळी चालू सेशन रद्द. त्यानंतर ओटीपीसाठी कुठले फोन नोंदवलेत ते बघितलं. तिथे ११:५० ला जोडलेला एक नवाच फोन सापडला. म्हणजे पासवर्ड बदलला तरी नंतर परत घुसायची सोय चोराने करून ठेवली होती. तो काढला. रूलची आधी नोंद आणि स्क्रीनशॉट घेतला, मगच तो पुसला.

रूल आणि सेशनसाठी कमांड म्हणाल तर दोनच ओळी:

```
Get-InboxRule -Mailbox accounts@example.com
Revoke-MgUserSignInSession -UserId accounts@example.com
```

पहिली ओळ रूल दाखवते, दुसरी सेशन रद्द करते. पण सेशन रद्द केलं तरी आधी दिलेला टोकन काही वेळा तासभर चालू राहू शकतो, म्हणून तिने पुढचा दीड तास ते अकाउंट डोळ्यांसमोर ठेवलं. हा तासभराचा मुद्दा ज्याला माहीत आहे, त्याने हे काम खरंच हाताने केलंय असं समजा.

क्रम उलटा झाला तर? आधी रूल पुसला असता तर आत बसलेल्या चोराला कळलं असतं की आपण सापडलो. तो घाईघाईने आणखी मेल पाठवू शकला असता.

मग "पाठवलेले" मेल बघितले. दुपारी १:१० ला दोन ग्राहकांना उत्तरं गेली होती, जुन्याच बिलाच्या मेलच्या साखळीत. "आमचं खातं बदललंय, यापुढे पेमेंट या नवीन खात्यावर करा." भाषा मॅडमचीच, कारण चोराने त्यांचे जुने मेल वाचले होते. एका ग्राहकाने "खातं का बदललं?" असं उत्तर पाठवलंही होतं. ते सरळ RSS Feeds मध्ये जाऊन पडलं. तो रूल कशासाठी होता ते इथे कळलं.

कारखान्याच्या मालकाने दोन्ही ग्राहकांना जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन लावले. एकाचं पेमेंट संध्याकाळी जाणार होतं, ते थांबलं. दुसऱ्याने २:०५ ला १,८५,००० रुपये पाठवून टाकले होते.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "मी १२:२५ ला बंद केलं नसतं तर १:१० चा मेल गेलाच नसता."

ज्या ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, त्याला तिने लगेच १९३० ला फोन करायला लावला. सायबर आर्थिक फसवणुकीची ही सरकारी हेल्पलाइन आहे. तक्रार cybercrime.gov.in वरही होते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले तो नंबर हाताशी ठेवायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत पहिल्या खात्यावर रोख लावता येते का, यासाठी ही सगळी धावपळ. शिवाय स्वतःच्या बँकेलाही कळवायचं. किती पैसे परत आले ते तिला माहीत नव्हतं, आणि "मला माहीत नाही" असंच तिने सांगितलं. चोराने आणखी कुठले मेल वाचले, यावरही तिचं उत्तर तेच होतं. तेवढ्या खोलात जाणारी नोंद त्या ग्राहकाकडे उपलब्ध नव्हती.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, हेही त्याच आदेशात आहे. माझ्या मित्राने हे पहिल्यांदाच ऐकलं. त्याच्या ग्राहकांपैकी लॉग इतके दिवस कोण ठेवतं, हे तो संध्याकाळी फोन करून विचारत बसला.

आम्ही शेवटी काय विचारलं

एकच. "त्यानंतर तुम्ही काय बदललं?"

दोन गोष्टी, ती म्हणाली. तिकिटात प्रत्येक वेळ ती आता यूटीसी आणि भारतीय अशी दोन्ही लिहिते. आणि पैशांशी संबंध असलेल्या माणसाचा लॉगिनचा अलर्ट त्या माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय बंद करत नाही. हा दुसरा नियम तिने टीमलीडला सांगून सगळ्या शिफ्टला लावून घेतला. फोनला दोन-तीन मिनिटं लागतात, रात्रीच्या शिफ्टला लोक वैतागतात, ते पण तिने लपवलं नाही.

तुमच्याकडे अजून नोकरीचा अनुभव नसेल तर अलर्ट कुठून आणायचा? स्वतः बनवा. घरच्या लॅपटॉपवर वायरशार्क चालू करा, एक साइट उघडा आणि आधी डीएनएसचा प्रश्न, मग टीसीपीचे तीन पॅकेट, मग एन्क्रिप्टेड बोलणं, हा क्रम स्वतःच्या डोळ्यांनी बघा. किंवा स्वतःच्या मेलवर एक रूल बनवा, दुसऱ्या नेटवर्कवरून लॉगिन करा आणि कुठल्या नोंदी उमटतात त्या वेळेसह कागदावर लिहा. मुलाखतीत सुरुवातीलाच सांगा, "हे माझ्या घरच्या प्रॅक्टिसमधलं आहे." ग्राहकाची खोटी गोष्ट रचू नका. तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे "ही वेळ कुठल्या घड्याळाची?" असं विचारलं की ती कोसळते.

आणि तुम्ही टेबलाच्या या बाजूला असाल, टेक्निकल काही कळत नसेल, तरी हेच तीन प्रश्न विचारू शकता: ही वेळ कुठल्या घड्याळाची, तुम्ही फोन कुणाला केला, आणि पासवर्ड बदलल्यावर पुढे काय केलं. माझ्या मित्राने त्या मुलीला सोमवारपासून बोलावलंय. पहिलं काम म्हणून त्याने तिला स्वतःच्याच ऑफिसच्या अकाउंट्सचा मेलबॉक्स तपासायला दिलाय.